राजाचा दुसरा प्रश्न



आसो महिन्याची ओळी आणि आमच्या सोसायटीतला भोंडला दरवर्षी एकमेकांत मिसळतात. यंदाही तसंच झालं. डोंबिवलीत खाली आवारात पाटावर हत्ती काढलेला, भोवती बायकामुलींचं रिंगण, आणि गाणी संपल्यावर नेहमीचा तो आवडता खेळ: डबा हलवून विचारायचं, "ओळखा, खिरापत काय?" माझं आयंबिल होतं, म्हणून मी नुसती बाकावर बसले होते. डब्याचा आवाज अगदीच बसका आला. मी म्हटलं, "ओल्या नारळाची बर्फी." बरोबर निघालं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बर्फी त्यांनी खाल्ली.

या ओळखण्यात पणाला काहीच लागत नाही. चुकलं तर हसायचं, जमलं तर चमचाभर जास्त. पण गोष्टींमधली कोडी तशी नसतात. तिथं कोडं सुटलं नाही तर मान जाते, नाहीतर राज्य जातं, नाहीतर मुलगी जाते. ओळीच्या नऊ दिवसांत आपण जो श्रीपाल रास ऐकतो, त्याची सुरुवातच एका कोड्यापासून होते हे किती वर्षं ऐकूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. यंदा आलं, कारण आमच्याच जेवणाच्या टेबलावर एक प्रश्न विचारला गेला. त्याबद्दल शेवटी सांगते. आधी बाहेरच्या गोष्टी बघू, म्हणजे आपली गोष्ट किती वेगळी आहे ते कळेल.

ग्रीक लोकांची स्फिंक्सची गोष्ट मुलांच्या पुस्तकात तुम्ही वाचली असेल. बाईचं तोंड, सिंहाचं अंग आणि पंख असलेली ती राक्षसीण थीब्ज नगराजवळ बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची: सकाळी चार पायांवर, दुपारी दोन आणि संध्याकाळी तीन पायांवर चालतो, तो कोण? उत्तर आलं नाही की ती माणसाला खाऊन टाकायची. इडिपस नावाच्या वाटसरूने उत्तर दिलं: माणूस. बाळपणी रांगतो, तरुणपणी दोन पायांवर चालतो, म्हातारपणी काठी टेकतो. स्फिंक्सने कड्यावरून उडी टाकून जीव दिला, आणि इडिपसला थीब्जचं राज्य मिळालं. म्हणजे पणाला दोघांचाही जीव होता. हरेल तो संपेल.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातलीच म्हणायला हवी. वेताळाच्या पंचवीस गोष्टी आपण विक्रमाच्या नावाने ऐकतो, पण सोमदेवाच्या कथासरित्सागरात त्या राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. त्याला झाडावरचं प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानात पोचवायचं असतं. प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. अट मोठी चमत्कारिक: उत्तर माहीत असून गप्प बसलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर! म्हणजे चुकण्यातच नाही, बरोबर बोलण्यातही तोटा. राजा प्रत्येक वेळी खरं उत्तर देतो आणि पुन्हा माघारी चालत जातो. शेवटच्या प्रश्नाला त्याला खरोखरच उत्तर येत नाही, तो गप्प राहतो, आणि तेव्हाच वेताळ प्रसन्न होऊन त्याला सांगतो की ज्या साधूसाठी तू हे प्रेत नेतो आहेस, तो तुझाच बळी देणार आहे.

या दोन्ही गोष्टींत प्रश्न विचारणारी भुतंखेतं आहेत. ती भयंकर आहेत, पण एका बाबतीत प्रामाणिक. खेळायच्या आधी ती अट सांगतात आणि उत्तर बरोबर आलं की ती अट पाळतात. स्फिंक्स "मला हे उत्तर आवडलं नाही" असं म्हणत नाही. वेताळ "तू माझा मान राखला नाहीस" असं म्हणून रुसत नाही. हे ध्यानात ठेवून आता उज्जैनच्या राजसभेत चला.

राजा प्रजापालाला दोन राण्या आणि दोन मुली. सौभाग्यसुंदरीची मुलगी सुरसुंदरी, रूपसुंदरीची मुलगी मयणा. दोघींना वेगवेगळ्या पंडितांकडे शिकवलेलं. शिक्षण पुरं झाल्यावर राजाने भर सभेत दोघींची परीक्षा घेतली आणि त्यांना एक समस्या घातली. समस्या म्हणजे अडचण नव्हे हं. हा जुना काव्याचा खेळ आहे. श्लोकाचा फक्त शेवटचा तुकडा द्यायचा आणि समोरच्याने आधीचे तुकडे असे रचायचे की सगळा अर्थ जाऊन त्या शेवटच्या तुकड्यात बसला पाहिजे. तुकडा बदलायचा नाही, ओढूनताणून जोडायचा नाही.

आमच्या रविवारच्या पाठशाळेत मी मुलांना हा खेळ देते. एकदा शेवटचा तुकडा दिला होता: 'पाणी प्यायल्याने तहान वाढली.' एक मुलगा लगेच म्हणाला, "बोट समुद्रात अडकली, गोडं पाणी संपलं, खारं पाणी प्यायलो." अगदी बरोबर. मागे बसलेली एक मुलगी जरा थांबून म्हणाली, "आधी सायकल मागितली, ती मिळाल्यावर स्कूटर मागितली." तेही बरोबर! पहिल्याने पाण्याचा अर्थ पाणी घेतला, दुसरीने लोभ. तुकडा एकच, पण उत्तरातून कोण काय विचार करतं ते दिसलं. समस्येची गंमत हीच आहे. साध्या कोड्यात उत्तर एकच असतं आणि ते विचारणाऱ्याच्या खिशात असतं. समस्येत उत्तरं अनेक असू शकतात, आणि ती उत्तर देणाऱ्याचं मन उघडं करतात.

प्रजापालाने दिलेल्या तुकड्याचा अर्थ असा होता की हे सगळं पुण्याने मिळतं. आता 'हे' म्हणजे काय, ते मुलींनी भरायचं. सुरसुंदरीने भरलं: धन, तारुण्य, चतुराई, निरोगी शरीर आणि मनाजोगता जोडीदार. मयणेने भरलं: विनय, विवेक, प्रसन्न मन, निर्मळ शील आणि मोक्षाचा मार्ग. सभा खूश झाली. राजाही खूश झाला. दोघींचीही उत्तरं तुकड्यात बसत होती, दोघीही जिंकल्या. इथपर्यंत पणाला काहीच नव्हतं, भोंडल्याच्या खिरापतीइतकं सुद्धा नाही.

अडलं ते पुढे. आनंदाच्या भरात राजा म्हणाला की मी प्रसन्न झालो तर रंकाचा राव करतो आणि रुसलो तर रावाचा रंक, तेव्हा मागा काय हवं ते. आणि सगळे माझ्याच कृपेने सुखी आहेत, खरं ना? सभेने माना डोलावल्या. सुरसुंदरी म्हणाली, जगाला जगवणारे दोघेच, एक पाऊस आणि दुसरा राजा. राजाने तिला तिच्या मनातला वर, शंखपुरीचा राजकुमार अरिदमन, देऊन टाकला. मयणेने मात्र नकारार्थी मान हलवली. कारण विचारल्यावर तिने सांगितलं की सुखदुःख ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे मिळतं, तुमच्या घरी माझा जन्म झाला तोसुद्धा माझ्या कर्माने. पुढचं तुम्हाला तोंडपाठ आहे. राजाचा राग, सातशे कोढ्यांची टोळी, त्यांचा उंबर राणा, आणि बापाने भरसभेत "हा घे तुझ्या कर्माने आणलेला वर" म्हणून त्याच्या हाती दिलेली मुलगी.

लहानपणी कल्याणला आईच्या मांडीवर हा भाग ऐकताना मला वाटायचं की मयणा परीक्षेत नापास झाली म्हणून तिला शिक्षा झाली. आता वाटतं, दुसरा प्रश्न हा प्रश्नच नव्हता. आधीच्या समस्येची परीक्षा सभेतला कोणीही करू शकत होता. तुकडा बसला की नाही, अर्थ जुळला की नाही, हे पंडितांना दिसत होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तपासायला एकच माणूस, आणि त्याचं उत्तर आधीच ठरलेलं. कोड्याचा झगा घालून आलेली ती हजेरी होती: माझ्या बाजूचे कोण, हात वर करा. वर त्या प्रश्नाची किंमत आधी सांगितलीच नव्हती. स्फिंक्सने निदान दारातच सांगितलं होतं की चुकलास तर खाईन. प्रजापालाने 'मागा काय हवं ते' असं गोड बोलून प्रश्न घातला आणि उत्तर आल्यावर किंमत ठरवली. आणि ती किंमत स्वतःची नाही, मुलीच्या आयुष्याची.

म्हणून कोड्याची गोष्ट ऐकताना मी आता दोन गोष्टी बघते. उत्तर बरोबर आहे की नाही हे विचारणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला ठरवता येतं का? आणि पणाला कोणाचं काय लागलंय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फक्त "समोरच्याचं" असं आलं, तर तिथं खेळ नाही, धाक आहे.

रासात पुढे याच्या उलट दोन प्रसंग येतात, आणि त्यांतला एक आपल्या ठाण्यातला आहे.

धवल शेठने श्रीपालाला समुद्रात लोटलं आणि नवपदांच्या स्मरणाने तो कोकणच्या किनाऱ्याला लागला, तो किनारा ठाण्याचा. चंपकाच्या झाडाखाली झोपलेल्या श्रीपालाला राजा वसुपालाची माणसं मानाने घेऊन गेली आणि राजाने आपली मुलगी मदनमंजरी त्याला दिली. टेंभी नाक्याच्या मुनिसुव्रतस्वामींच्या देरासरात, ज्याला आपण कोकण शत्रुंजय म्हणतो, ही कथा बघत उभं राहिलं की माझे पाय निघत नाहीत. तर मागून धवल शेठही ठाण्यालाच आला. श्रीपालाला जिवंत बघून घाबरला आणि त्याने डोंबांच्या टोळीला पैसे चारले. गाणं-नाचणं करायला आलेल्या त्या लोकांनी भर दरबारात श्रीपालाच्या गळ्यात पडून सुरू केलं, "अरे माझा मुलगा! अरे माझा भाऊ! इतके दिवस कुठं होतास?" राजाला वाटलं आपण फसलो. त्या काळच्या समजुतीप्रमाणे मुलगी हीन कुळात दिली म्हणून तो चिडला आणि श्रीपालाच्या जिवावर उठला.

राजाचा प्रश्न एवढाच होता: तू कोण? हेही एक कोडंच आणि पणाला जीव. श्रीपालाने काय उत्तर दिलं बघा. आपलं कुळ आपल्या तोंडाने सांगायची रीत नाही, तो म्हणाला. किनाऱ्याला लागलेल्या गलबतांत दोन बायका आहेत, त्यांना विचारा. त्या होत्या मदनसेना आणि मदनमंजूषा, त्याच्या राण्या, धवलाच्या तावडीत सापडून शील सांभाळून राहिलेल्या. त्यांना आणलं, त्यांनी सगळी हकीगत सांगितली, मग डोंबांनीही पैसे घेतल्याचं कबूल केलं. वसुपालही प्रजापालासारखाच रागावलेला राजा होता. फरक एवढाच की त्याने साक्ष काढली. उत्तर त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी तपासायची वाट त्याने मोकळी ठेवली, आणि म्हणून एक जीव वाचला. आणि ती साक्ष दिली बायकांनी, हे मला फार आवडतं.

दुसरा प्रसंग दलपत्तनच्या शृंगारसुंदरीचा. ठाण्याहून पुढे निघालेल्या श्रीपालाला तिची गोष्ट कळते. ती राजकन्या आणि तिच्या पाच सख्या, पंडिता, विचक्षणा, प्रगुणा, निपुणा आणि दक्षा. सहाही जणी जिनधर्मात रमलेल्या, एकमेकींवाचून राहू न शकणाऱ्या. त्यांनी ठरवलं की लग्न करायचं तर एकाच घरी, आणि घर असं की जिथं आपली श्रद्धा सोडावी लागणार नाही. पण परक्या राजपुत्राच्या मनात काय आहे ते कळणार कसं? त्याला धर्म विचारला तर तो हवं ते सांगेल. म्हणून त्यांनी समस्या निवडली. प्रत्येकीने एकेक शेवटचा तुकडा मनात धरला आणि पण केला की जो सगळे पुरे करील त्यालाच वरायचं.

ही निवड किती विचारपूर्वक आहे! मघाशी पाठशाळेतल्या मुलांचं सांगितलं ना, तेच. एका सखीचा तुकडा मनातली इच्छा पुरी होण्याबद्दलचा. धनाच्या मागे लागलेला माणूस तिथं धनच भरणार. श्रीपालाच्या बाजूने नवपदांचं ध्यान भरलं गेलं. एकीचा तुकडा कपाळी लिहिलेलं तेच मिळतं असा. तिथं बढाईखोर माणूस अडखळला असता. शृंगारसुंदरीचा स्वतःचा तुकडा सगळ्यांत अवघड होता: सूर्याच्याही आधी उगवतात. कोण? त्याचं उत्तर आलं की जे चांगली कीर्ती मागे ठेवून मावळतात, त्यांचं नाव लोकांच्या तोंडी सूर्याच्याही आधी उगवतं. गंमत म्हणजे श्रीपालाने ही उत्तरं स्वतः दिलीच नाहीत. शेजारच्या पुतळ्यावर हात ठेवला आणि नवपदांच्या प्रभावाने पुतळ्याने ती म्हटली. म्हणजे जिंकणाऱ्यालाही "मी जिंकलो" म्हणायला जागा ठेवलेली नाही.

आता आपले दोन प्रश्न इथं विचारून बघा. उत्तर दुसऱ्या कोणाला तपासता येतं का? येतं, सगळ्या सभेसमोर. पणाला कोणाचं काय? विचारणारीचं स्वतःचं आयुष्य. चुकलेल्या राजपुत्राला ती खात नाही, त्याचं डोकं फोडत नाही, तो आपल्या घरी परत जातो. प्रजापालाने मुलीचं आयुष्य पणाला लावून प्रश्न विचारला. या मुलीने आपलंच आयुष्य पणाला लावलं आणि आपणच प्रश्न निवडला.

आता आमच्या टेबलावरचा प्रश्न.

ओळीचा पाचवा दिवस होता, साधुपदाचा, काळा वर्ण, म्हणजे माझ्या ताटात उडीद. तूप नाही, तेल नाही, गूळसाखर-दूधदही नाही, नुसते मीठ-मिरी घातलेले शिजवलेले उडीद. माझं एक वेळचं खाणं दुपारीच झालं होतं, सूर्यास्ताच्या आधी बाकीच्यांना वाढत होते. लेकीला बंगळुरूला नोकरी लागली आहे. तिला जायचंय, तिच्या वडिलांना नको आहे. कारणंही खोटी नाहीत: कंदमुळाशिवायचं जेवण कुठं मिळणार, रात्री उशिरापर्यंत काम, परकं शहर. पण बोलता बोलता ह्यांचा आवाज चढला आणि ह्यांनी विचारलं, "एवढी शिकलीस ती कोणाच्या जिवावर?"

माझा हात तिथंच थांबला. कारण हा प्रश्न मला ओळखीचा होता. एकोणीस वर्षांची असताना कल्याणला, पाहुण्यांसमोर, माझ्या वडिलांनी हसत हसत मला हेच विचारलं होतं. मला बी.एड. करायचं होतं. मी म्हणाले, "पप्पा, तुमच्याच कृपेने." सगळे खूश झाले. वडिलांनी डोक्यावरून हात फिरवला. दोन महिन्यांनी साखरपुडा झाला आणि बी.एड.चा फॉर्म कपाटात राहिला. मला त्रास झाला असं नाही म्हणणार, घर चांगलं मिळालं. पण इतकी वर्षं ओळीत बसून मी मयणेच्या बाजूने डोळे पुसत आले, आणि माझं स्वतःचं उत्तर सुरसुंदरीचं होतं.

सुरसुंदरीचं पुढे काय झालं आठवतं ना? लग्न होऊन निघालेल्या वरातीवर वाटेत दरोडा पडला, नवरा पळाला, ती विकली गेली, शेवटी नाटकमंडळीत नाचणारी झाली. श्रीपालाच्या छावणीत नाचायला उभी राहिली, समोर आपलीच माणसं दिसली आणि तिचे पाय उचलेनात. मला ती वाईट कधी वाटली नाही. भर सभेत बापाने विचारल्यावर मुली बहुतेक वेळा तेच बोलतात जे ती बोलली.

लेक मात्र शांत होती. म्हणाली, "पप्पा, फी तुम्ही भरलीत, डबा मम्मीने दिला. ते मी विसरणार नाही. पण पेपर मी लिहिले."

कोणी काही बोललं नाही. सासूबाईंनी ताटात हात धुतला आणि ते पाणी पिऊन टाकलं, ताट स्वच्छ पुसलं. त्या नेहमीच थाळी धुऊन पितात, त्या दिवशी त्याला जरा जास्त वेळ लावला. मग म्हणाल्या, "उद्या रासात काय आहे गं? तिच्या बापाला घेऊन जा ऐकायला."

मी रात्री ह्यांना एकच विचारलं. तुम्हाला उत्तर हवं होतं की हजेरी? ह्यांना राग आला. मलाही माझं बोलणं जरा जास्तच वाटलं, आयंबिलात कषाय नको म्हणून मी गप्प राहिले. पण मग मीच सांगितलं की माझ्या मनात काय आहे. तुम्हाला तिची काळजी आहे, मग काळजीचाच प्रश्न विचारा. राहायची सोय काय, जेवणाची सोय काय, रात्री ऑफिसातून कशी येणार, जवळ देरासर कुठं. त्यांची उत्तरं तपासता येतात. फोन करता येतो, जाऊन बघता येतं, वसुपालासारखी साक्ष काढता येते. तिची उत्तरं कच्ची निघाली तर नाही म्हणा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण "कोणाच्या जिवावर" याचं बरोबर उत्तर तिने दिलं तरी तुम्ही हरणार आणि तुमच्या मनासारखं दिलं तरी ती हरणार.

प्रजापालालाही हे कळलं, पण फार उशिरा. श्रीपाल सैन्य घेऊन उज्जैनला आला तेव्हा मयणेच्या सांगण्यावरून सासऱ्याला निरोप गेला की खांद्यावर कुऱ्हाड घेऊन शरण या. तो आला, आणि समोर कोण आहे ते त्याने बघितलं. पहिल्या दिवशी त्याने पणाला लावलेलं मुलीचं आयुष्य होतं. शेवटी गेला तो त्याचा स्वतःचा अहंकार. मयणेला बापाची मान नको होती, तेवढं एक वाक्य मागे घ्यायला हवं होतं. या जागी साध्वीजी महाराज दरवेळी थोडं थांबतात. आता मला कळतं का थांबतात ते.

आमच्याकडे कुऱ्हाडीची वेळ आली नाही. नवव्या दिवशी, तपपदाच्या, मी भात करत होते. ह्यांनी एक कागद लेकीपुढे ठेवला. त्यावर सात प्रश्न लिहिले होते, सगळे राहण्या-जेवण्याचे. तिने तिथंच बसून पाचांची उत्तरं लिहिली आणि दोनांपुढे 'विचारून सांगते' असं लिहिलं. अजून काही ठरलेलं नाही. ते दोन प्रश्न बाकी आहेत. पण पारणं करून मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर माळ्यावरची मोठी बॅग खाली काढलेली होती, आणि हे ओल्या फडक्याने तिची चाकं पुसत होते.

जिनाज्ञेविरुद्ध किंवा कथेच्या आशयाविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर त्रिविधे त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.